मदत हवी आहे: रिऑर्डर लेव्हल ठरवूनही बेअरिंग संपतात, चूक हिशोबात की पद्धतीत?

स्टोअरवाली

नमस्कार मंडळी. कारखान्याच्या मेंटेनन्स स्टोअरचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. साधारण ४०० आयटम आहेत. पूर्वी सगळं अंदाजावर मागवलं जायचं, म्हणून मी बसून प्रत्येकाची रिऑर्डर लेव्हल काढली. तरीही काही आयटम संपतातच. उदाहरणादाखल एकच घेते.

एक बेअरिंग आहे. आठवड्याला सरासरी ४० लागतात, चढउताराचं प्रमाण विचलन १२. ऑर्डर दिल्यापासून माल यायला २ आठवडे. ९५ टक्के वेळा तुटवडा पडू नये म्हणून z १.६५ धरला आणि असं केलं:

```
s = d*L + z*σ*√L
s = 40*2 + 1.65*12*√2 = 108
```

शिल्लक १०८ किंवा खाली गेली की १६० ची ऑर्डर. दर दुसऱ्या सोमवारी मी सगळ्या आयटमची यादी तपासते आणि त्याच दिवशी ऑर्डरी टाकते. मागच्या सहा ऑर्डरींपैकी चार वेळा माल येण्याआधी खण रिकामा झाला. ९५ टक्क्यांच्या हिशोबात हे कसं बसतं? सतत लक्ष ठेवायची पद्धत घ्यावी की ठरावीक दिवशी तपासायची, हेही आता कळेनासं झालंय.

अबक

ताई, यात अवघड काही नाही. महाग आयटमवर सतत लक्ष, स्वस्त आयटमची ठरावीक दिवशी तपासणी. बेअरिंग अ वर्गात असेल तर तुमचा सेफ्टी स्टॉक कमी पडतोय. z २.३३ करा, म्हणजे ९९ टक्के मिळतील.

खातेवही

दोन्ही पद्धती वापरल्या आहेत म्हणून सांगतो. ठरावीक कालावधीच्या पद्धतीत वर्षअखेरीला प्रत्यक्ष मोजणी करून वापरलेल्या मालाचा खर्च निघतो, आणि सततच्या पद्धतीत प्रत्येक इश्यूला खात्यात नोंद पडते. ऑडिटला दुसरी सोयीची.

जुना भांडारपाल

खातेवही, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण ती साठ्याची नोंद ठेवायची पद्धत झाली. ताई विचारताहेत की ऑर्डर केव्हा द्यायची.

स्टोअरवाली ताई, त्या सहा वेळांना ऑर्डर टाकली त्या दिवशी शिल्लक नेमकी किती होती? बिन कार्डावरून काढता येईल का? ती १०८ नसणार, असा माझा अंदाज आहे.

स्टोअरवाली

काका, काढली. ६१, ९७, ४४, ७२, ८३, ५३. एकदाही १०८ च्या आसपास नव्हती! सरासरी ६८ येते.

जुना भांडारपाल

आता तुमच्याच आकड्यांकडे बघा. माल यायला २ आठवडे, म्हणजे तेवढ्यात ८० जाणार. सहापैकी चार वेळा ऑर्डर देतानाच हातात ८० पेक्षा बरेच कमी होते. त्या ऑर्डरी दिल्या त्या क्षणीच तुटवडा ठरून गेला होता. नेमके तेच चार तुम्हाला दिसले.

१०८ हा आकडा ज्या सूत्रातून आला, ते सूत्र असं गृहीत धरतं की शिल्लक १०८ ला टेकली त्याच क्षणी कुणीतरी ऑर्डर देतं. तुम्ही मात्र १५ दिवसांतून एकदा बघता. सोमवारी शिल्लक ११५ असेल तर ‘अजून वर आहे’ म्हणून पुढे जाता आणि पुढच्या तपासणीपर्यंत ८० निघून जातात. लेव्हल कधी मंगळवारी ओलांडली जाते, कधी तपासणीच्या आदल्या दिवशी. सरासरी घसरण एका आठवड्याच्या मागणीइतकी, म्हणजे ४०. १०८ मधून ४० गेले की ६८. तुमची सरासरी तंतोतंत तीच आहे.

म्हणजे सूत्र सततच्या पद्धतीचं आणि वागणं ठरावीक कालावधीचं. तुम्ही जर १५ दिवसांनीच बघणार असाल, तर आज न दिलेली ऑर्डर २ आठवड्यांनी जाईल आणि तिचा माल आणखी २ आठवड्यांनी येईल. आजचा निर्णय ४ आठवडे निभावला पाहिजे:

```
S = d*(R+L) + z*σ*√(R+L)
S = 40*(2+2) + 1.65*12*√4 = 200
```

याचे दोन वापर होतात. दर तपासणीला २०० पर्यंत भरायचं, म्हणजे २०० वजा हातातला आणि वाटेतला माल, एवढी ऑर्डर. किंवा १६० चीच ऑर्डर ठेवायची असेल, तर लेव्हल १०८ ऐवजी २०० धरायची.

अबक यांच्या सल्ल्याचं पण गणित करून बघा. z २.३३ केला की लेव्हल १२० होते. १२ नग वाढले, कमी पडत होते ९२. गळती z मध्ये नव्हती.

अबक

मान्य, ऑर्डरच्या दिवसाची शिल्लक मी विचारलीच नाही. पण मग माझं पहिलं वाक्य खरंच ठरतं ना? बेअरिंग महाग असेल तर रोज बघा, १०८ पुरतील.

जुना भांडारपाल

रोज बघितलं तर पुरतील. सततच्या पद्धतीत सेफ्टी स्टॉक २८, पंधरवड्याच्या पद्धतीत ४०. या एका बेअरिंगवर १५ दिवसांनी बघण्याची किंमत म्हणजे कायम पडून राहणारे १२ जादा नग. ते १२ नग अडकवून ठेवणं महाग, की रोज लक्ष ठेवणं आणि सुट्या सुट्या ऑर्डरी काढणं महाग, हे तोलायचं. पद्धत यावरून ठरते. वर्गाचं अक्षर बघून ठरवलं की फसायला होतं.

आणि रोज बघायला संगणकच हवा असंही नाही. बिन कार्डावर १०८ च्या ओळीला लाल खूण करा. इश्यू करणाऱ्याची नोंद त्या खुणेखाली गेली की त्यानं चिठ्ठी तुमच्या टेबलावर टाकायची. झाली सततची पद्धत. फक्त एक विचारतो, हे बेअरिंग एकेक जातं की घाऊक?

स्टोअरवाली

मशीन उघडलं की १२ एकदम जातात. सुटं क्वचितच.

जुना भांडारपाल

मग शिल्लक १०८ वर थांबणारच नाही. १०९ वरून थेट ९७ वर उतरेल. अशी घसरण सरासरी एका इश्यूच्या निम्मी धरतात, म्हणजे ६. लाल खूण ११४ वर करा.

रात्रपाळी

आमच्याकडचा अनुभव सांगतो. सॉफ्टवेअर आहे, लेव्हलखाली गेलं की सूचना येते, तरी माल संपायचा. शोध घेतला तेव्हा कळलं की रात्री स्टोअर बंद असतं, फोरमन चावी घेऊन माल काढतो आणि नोंद सकाळी आठवेल तशी होते. स्क्रीनवर १३०, खणात ९६. सततची पद्धत नोंदीवर चालते, आणि नोंदच उशिरा पडत असेल तर ती तुमच्या सोमवारच्या तपासणीसारखीच झाली, फक्त किती उशीर झाला ते कुणाला दिसत नाही. ठरावीक दिवशी खणापाशी जाऊन मोजणारा निदान खरं काय ते बघतो. लाल खुणेआधी रात्रीच्या इश्यूंचं काय ते बघा.

स्टोअरवाली

रात्रपाळी दादा, आमच्याकडेही रात्रीची नोंद सकाळीच होते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणखी दोन प्रकार विचारते. एक गिअरबॉक्स आहे, स्टोअरमधला सर्वांत महाग आयटम. वर्षाला ३ लागतात, यायला ८ आठवडे. आणि दुसऱ्या टोकाला नटबोल्ट, वॉशर. त्यांची मोजणी करण्यात माझा अख्खा सोमवार जातो.

जुना भांडारपाल

गिअरबॉक्सला वरचं सूत्र लावूच नका. वर्षात ३ वेळा येणाऱ्या मागणीला घंटेच्या आकाराचं वितरण बसत नाही, तिथे प्वासाँ वापरतात. ८ आठवड्यांत सरासरी ०.४६ मागणी. हातातला आणि ऑर्डरवरचा मिळून कायम २ ठेवायचे, एक गेला की त्याच दिवशी एक मागवायचा. असं केलं तर १०० पैकी ९२ वेळा गिअरबॉक्स तयार मिळेल. ३ ठेवले तर जवळपास ९९ वेळा. तिसरा ठेवायचा की नाही, हे मशीन ८ आठवडे बंद राहिलं तर काय होईल ते जाणणाऱ्याला विचारा. स्टोअरनं एकट्यानं घ्यायचा तो निर्णय नाही.

यात रोज बघण्याचा त्रासही नाही. गिअरबॉक्स बाहेर जातो तो क्षणच तपासणीचा. वर्षातून तीनदा एक पीओ काढायची. इतक्या महाग आयटमला पंधरवड्याची वाट बघायला लावून काही वाचत नाही.

नटबोल्टांसाठी दोन डबे करा. एका डब्यातून वापरायचं, तो संपला की दुसरा उघडायचा आणि रिकाम्या डब्यावरचं कार्ड तुमच्याकडे पोचवायचं. दुसऱ्या डब्यात माल येईपर्यंत पुरेल इतकं आणि वर भरपूर सैल हातानं जास्तीचं. अबक, ही पद्धत सततचीच आहे आणि सर्वांत स्वस्त आयटमला बसते. मोजणी शून्य. फक्त दोन्ही डबे एकदम उघडले जात नाहीत ना, ते अधूनमधून बघावं लागतं. गडबड होते ती तिथेच.

अबक

मग ठरावीक कालावधीची पद्धत कुणासाठी उरली?

जुना भांडारपाल

एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या मधल्या आयटमसाठी. ताई, बेअरिंगचे किती आकार एकाच ठिकाणाहून येतात?

स्टोअरवाली

अठरा.

जुना भांडारपाल

प्रत्येकाला लाल खूण केलीत तर अठरा आयटम अठरा वेगळ्या दिवशी ऑर्डर मागतील. वाहतूक, तपासणी, पावती, सगळं अठरा वेळा. त्यापेक्षा पंधरवड्याला एकच ऑर्डर, प्रत्येक आकार आपापल्या S पर्यंत. थोडा जास्त सेफ्टी स्टॉक त्यात वसूल होतो. तुमचा सोमवार या अठरांसाठी योग्यच होता, आकडा तेवढा चुकला होता.

रात्रपाळी

काका, इथे मी थोडा वेगळा विचार करतो. सगळ्यात जास्त खपणाऱ्या एक-दोन आकारांवर लाल खूण ठेवावी आणि त्यांची ऑर्डर निघेल तेव्हा बाकीच्यांपैकी जे निम्म्याच्या खाली असतील तेही जोडून घ्यावेत. आम्ही असंच करतो, वाहतूकही वाचते.

जुना भांडारपाल

चालतं, पण ‘निम्मं’ ही रेषा कुठे ओढायची याचं सोपं गणित माझ्याकडे नाही. वर ओढली तर नको ते येतं, खाली ओढली तर जोडायला काही उरत नाही. मी पंधरवड्यालाच राहीन.

ताई, आणखी एक गोष्ट तपासा. २ आठवडे हा लीड टाइम दरवेळी २ आठवडेच असतो का? त्यात अर्ध्या आठवड्याचं विचलन जरी निघालं, तरी सततच्या पद्धतीतला २८ चा सेफ्टी स्टॉक ४३ होतो. मग रोज बघायचं की पंधरवड्याला, या फरकापेक्षा पुरवठादाराचा बेभरवसा जास्त महाग पडतो.

स्टोअरवाली

पुरवठादारानं सांगितलेला आकडाच धरला होता, कधी पडताळला नाही. ऑर्डरच्या तारखा आहेत, माल आल्याच्या तारखा गेटच्या रजिस्टरमध्ये मिळतील. या सोमवारपासून अठरा आकार S पर्यंत भरते, या बेअरिंगला २०० धरून. गिअरबॉक्सचं उद्या प्रॉडक्शनच्या साहेबांना विचारते. रजिस्टर मिळालं की तारखा इथेच टाकते.