मदत हवी आहे: नंबर ब्लॉक करूनही आईला कर्जाचे फोन येतच आहेत

वैशाली_नाशिक: आईच्या फोनवर दुपारी झोपायच्या वेळी कर्ज आणि प्लॉटचे फोन येतात. प्रत्येक नंबर ब्लॉक करते, पण पुढचा फोन नव्या नंबरवरून येतो. दुकानदाराने फोनमधलं डीएनडी लावून दिलं, तर आता माझाही फोन वाजत नाही. ब्लॉक आणि डीएनडी यांत नेमका फरक काय? बँकेचे ओटीपी मात्र यायलाच हवेत.

सुहास७२: 1909 ला मेसेज करा, सगळं कायमचं बंद होतं.

मंदार_टेलिकॉम: सगळं नाही, सुहासराव. वैशालीताई, दुकानदाराने लावलंय ती फक्त घंटी बंद ठेवायची सोय. ती काढा, किंवा त्यात तुमचा नंबर अपवाद म्हणून घाला. ब्लॉक तेवढ्या एका नंबरापुरतं आणि त्याच हँडसेटपुरतं चालतं. सरकारी डीएनडी मोबाइल कंपनीकडे नोंदलं जातं. आईच्याच सिमवरून 1909 ला हा मेसेज पाठवा:

```
START 0
```

जाहिरातीचे सगळे प्रकार यात बंद होतात. लागू व्हायला काही दिवस जातात. ओटीपी आणि खात्याचे मेसेज जाहिरातीत मोडत नाहीत, ते येत राहतील. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी -P असेल तर तो जाहिरातीचा, -T किंवा -S असेल तर व्यवहाराचा किंवा सेवेचा.

वैशाली_नाशिक: पण तिला येणारे फोन साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून असतात.

मंदार_टेलिकॉम: खरी गोम तिथेच आहे. नोंदणीकृत जाहिरातदार फोन लावण्याआधी आपली यादी डीएनडीच्या नोंदीशी ताडून घेतात. त्यांचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येतात. साध्या मोबाइलवरून फोन करणारा कुठे नोंदलेलाच नसतो, मग ताडणार कोण? त्याच्यावर उपाय तक्रारीचाच. फोन आल्यापासून सात दिवसांत 1909 वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधून नंबर, तारीख आणि तो काय विकत होता ते कळवा. 2025 च्या सुधारणेआधी ही मुदत तीन दिवसांची होती. म्हणून ब्लॉक करण्याआधी नंबर टिपून ठेवा.

रेवती_ठाणे: मला तर व्हॉट्सॲपवर साड्यांचे मेसेज येतात. 1909 ला पाठवूनही काही फरक नाही.

मंदार_टेलिकॉम: व्हॉट्सॲप त्यात येत नाही. तिथे त्या चॅटमध्येच रिपोर्ट आणि ब्लॉक करा. केवायसीच्या नावाने धमकावणारे किंवा फसवणारे फोन असतील तर ते संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या चक्षू या तक्रार सुविधेत कळवायचे.

सुहास७२: माझं डीएनडी जुनं आहे, तरी सराफाचे मेसेज येतात. असं का?

मंदार_टेलिकॉम: बिलाच्या वेळी नंबर देताना संमतीही घेतली असेल. डीएनडी असलं तरी संमती दिलेल्या दुकानाचे मेसेज येऊ शकतात. ती मागे घेता येते.

वैशाली_नाशिक: START 0 पाठवलं, उलट मेसेजही आला. घंटी सुरू केली. पण तक्रार आईलाच करावी लागणार का? तिला ॲप जमत नाही आणि मी तिच्याजवळ नसते.