बारीक पिन बसली म्हणजे चार्जर बरोबर?

खणातला_पसारा:
वडिलांकडे 2013 चा नोकिया 105 आहे, बारीक पिनवाला. चार्जर मेला. खणात तीन जुने सापडले, तिन्हींची लेबलं पुसलेली. भाऊ म्हणतो, जो बसेल तो लाव. मी म्हणतो, आधी मापू. तुम्हाला काय वाटतं?

झटपट:
भावाचं ऐका. बारीक पिन म्हणजे नोकियाचीच, आत प्लस, बाहेर मायनस, पाच व्होल्ट. अख्ख्या जगाने एकमेकांचे चार्जर मागून फोन चार्ज केले, तेव्हा कुणी मीटर घेऊन बसलं नव्हतं. उगाच पीएचडी करू नका.

डाग_देणारा:
झटपट, निम्मं बरोबर आहे. नोकियाची बारीक पिन बाहेरून 2 मिमी, आतलं भोक साधारण अर्धा मिमी, आणि मध्ये प्लस, हे खरंच. पण खणातला चार्जर त्याच घराण्यातला आहे हे कशावरून? मागून आणलेला चार्जर नोकियाचाच असायचा, म्हणून तेव्हा निभावलं. लेबल पुसलेला अनोळखी चार्जर ही वेगळी गोष्ट. 2.5 मिमीची पिनही डोळ्यांना जवळजवळ तशीच दिसते. ती आत जात नाही, मग माणूस जोर लावतो आणि फोनच्या सॉकेटमधली केसासारखी पिन वाकते. चार्जर बदलता येतो, ती पिन नाही.

पसारा, मेलेला चार्जर टाकला तर नाही ना? तोच तुमचं माप आहे. शिवणाचा दोरा घ्या, त्याच्या पिनेच्या धातूच्या भागावर अगदी शेजारी शेजारी पाच वेढे द्या, दोन्ही टोकांना पेनाने खूण करा आणि उलगडून पट्टीवर धरा. मग तोच दोरा तसाच बाकीच्या तिघांवर. व्यासात अर्ध्या मिमीचा फरक असेल तर पाच वेढ्यांत जवळपास 8 मिमी फरक पडतो, तो पट्टीवर सहज दिसतो. दोरा तोच असल्याने त्याच्या जाडीचा प्रश्न येत नाही. व्हर्नियर असेल तर हा खटाटोप नको.

निवांत_दुपार:
आतल्या भोकासाठी पेन्सिलीची 0.5 ची शिसं वापरा की. गेलं तर बरोबर, नाही तर चूक.

डाग_देणारा:
नको हो. 0.5 म्हणून विकलं जाणारं शिसं प्रत्यक्षात किंचित जाडच असतं, त्यामुळे खऱ्या पिनेतही अडेल आणि तुम्ही चांगला चार्जर बाद कराल. शिवाय टोक आत मोडलं तर ग्राफाइट वीज वाहून नेतं. मध्य आणि बाहेरचा भाग आतल्या आत जोडला जायचा. बाहेरचं माप जुळलं आणि पिन फोनमध्ये जोर न लावता शेवटपर्यंत गेली, तर आतलं भोक निदान लहान तरी नाही.

माझंही_ऐका:
मध्ये बोलते, माफ करा. माझ्या जुन्या ब्लूटूथ हेडसेटलाही हीच पिन आहे. चार्जर एका कोनात धरला तरच लाल दिवा लागतो, सोडला की गेला. म्हणजे माझी प्लस-मायनस उलटी आहे का?

डाग_देणारा:
नाही. उलटी असती तर कोणत्याच कोनात लागला नसता. सॉकेटची बाजूची स्प्रिंग सैल झाली असेल किंवा पिनेच्या मुळाशी वायर तुटली असेल. सॉकेट न हलवता फक्त वायर वाकवून बघा. तेवढ्यानेच दिवा लुकलुकला तर वायर.

तिरकस:
मी मीटरवाल्यांच्या बाजूचा, कारण हात पोळून घेतलेत. माझ्या जुन्या फोनला कुठल्याशा खेळण्याचा चार्जर लावला होता. पिन अगदी गच्च बसली. फोन पुन्हा कधी सुरू झाला नाही. नंतर मीटर लावला तर आकड्याच्या आधी वजा. मध्ये मायनस होतं.

झटपट:
खेळण्याचा लावलात तर चूक तुमची, पिनेची नव्हे.

तिरकस:
तेच तर म्हणतोय. पिनेवरून कळलं नाही.

खणातला_पसारा:
दोऱ्याने मापलं. एक उघड जाड निघाला, तो बहुतेक 3.5 वाला, बाजूला ठेवला. बाकी दोघांचे वेढे मेलेल्या चार्जरशी जुळले. मीटर आणलाय, पण त्याची सुई त्या भोकात जातच नाही.

डाग_देणारा:
जाणार नाहीच. जुन्या वायरीतला तांब्याचा एकच तंतू काढा, लाल सुईच्या टोकाला गुंडाळा, अर्धा सेंटिमीटर पुढे राहू द्या. चार्जर प्लगमधून काढलेला असतानाच तंतू भोकात सरकवा, काळी सुई पिनेच्या बाहेरच्या अंगाला चिमट्याने लावा. तंतू काठाला टेकत नाही हे भिंगातून पाहा, टेकला तर शॉर्ट. मग मीटर डीसी 20 वर ठेवून चार्जर चालू करा. आकडा नुसता आला तर मध्ये प्लस. आधी वजा आला तर मध्ये मायनस. शून्याजवळ आला तर लगेच मेला म्हणू नका, एकदा एसी रेंजवरही पाहा. काही अडॅप्टर एसीच देतात आणि डीसी रेंज ते दाखवत नाही.

फोनची बाजूही तपासा. बॅटरी काढा, मीटर बीपवर ठेवा. बॅटरीचं मायनस ज्या स्प्रिंगला टेकतं, त्या स्प्रिंगवर एक सुई आणि सॉकेटच्या बाहेरच्या धातूवर दुसरी. बीप आला म्हणजे फोनला बाहेर मायनस हवं. मधल्या पिनेकडून बॅटरीच्या प्लसला बीप येणार नाही, मध्ये चार्जिंगचं सर्किट असतं. घाबरू नका.

खणातला_पसारा:
फोनवर बाहेर मायनस, बीप आला. पहिला चार्जर 5.2, वजा नाही. दुसरा 8.6, तोही वजा नाही. हा दुसरा हातात जड लागतो.

झटपट:
बघा, दोघांतही मध्ये प्लसच!

डाग_देणारा:
हो, पण 8.6 चं काय? जड म्हणजे आत बहुधा जुना ट्रान्सफॉर्मर. तसले चार्जर मोकळे असताना लेबलपेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतात आणि भार आला की खाली येतात. तो फोनचाही असू शकतो, रेडिओचाही. लेबल नाही तर मी लावणार नाही. 5.2 वाला लावा. पहिली दहा मिनिटं हात ठेवून पाहा, कोमट चालेल, चटका नको.

निवांत_दुपार:
पण मिलिअँपिअरचं काय? मूळ चार्जर 350 चा असेल आणि हा 890 चा निघाला तर बॅटरी फुगणार.

डाग_देणारा:
या फोनला नाही फुगणार. किती घ्यायचं ते फोन ठरवतो, चार्जरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकेल ते. कमी आकड्याचा लावला तर वेळ लागेल.

तिरकस:
सरसकट तसं म्हणू नका. जाड पिनवाल्या जुन्या फोनच्या एका चार्जरवर 3.7 व्होल्ट, 355 मिलिअँपिअर लिहिलेलं असायचं, म्हणजे जवळपास बॅटरीइतकेच व्होल्ट. तिथे करंट आवरण्याचं काम चार्जरच करायचा असं माझं मत आहे.

डाग_देणारा:
त्या फोनांबद्दल वाद घालणार नाही. म्हणूनच जाड पिनेला बारीक करणारा जोड लावून सगळं सगळ्याला जोडू नये. इथे प्रश्न 105 चा आहे.

झटपट:
यूएसबीची वायर कापा, मेलेल्या चार्जरची पिन जोडा, विषय संपला. लाल लालला, काळी काळीला.

डाग_देणारा:
कल्पना चांगली, पाच व्होल्टच मिळतात. फक्त रंगांवर विसंबू नका. मेलेल्या चार्जरच्या वायरीत दोन्ही तारा काळ्या निघाल्यात मला, एकीवर नुसती पांढरी रेघ, आणि रेघवाली कधी प्लस, कधी मायनस. तोच तांब्याचा तंतू भोकात घाला, मीटर बीपवर ठेवा, कुठली तार वाजते ते बघा.

खणातला_पसारा:
5.2 वाला लावला. बॅटरीच्या चित्रात रेघा सरकायला लागल्यात. भाऊ म्हणतोय, "हाच मी आधी सांगितला होता." त्याने जडवाला सांगितला होता.