मदत हवी आहे: रोजचं बजेट ५००, कार्डातून कापले २,०००

नमस्कार मंडळी, इतवारीत आमचं साड्यांचं दुकान आहे. ऑनलाइन जाहिरातीचं रोजचं बजेट ५०० रुपये ठेवलंय, तरी काल कार्डातून एकदम २,००० गेले. बिलिंगमध्ये थ्रेशोल्ड २,००० दिसतो. म्हणजे खर्च साचत जातो आणि २,००० झाला की कापतात, महिनाअखेरीस उरलेला वेगळा, एवढं समजलं. पण शनिवारचा खर्चच ८७० दिसतोय! बजेट रोजची सरासरी धरतात, एखाद्या दिवशी दुप्पट चालतं, महिन्याला मात्र ५०० गुणिले ३०.४, म्हणजे १५,२०० च्या वर नाही, असं वाचलं. मग हिशोब कार्डाच्या कपातीवरून न करता महिन्याच्या एकूण खर्चावरून करायचा का? बिलं वेळेवर भरली की थ्रेशोल्ड आपोआप वाढतो म्हणतात. तो २,००० वरच ठेवता येईल का? सणाच्या मालाचे पैसे त्याच खात्यात आहेत, म्हणून काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सांगा.