पाळी म्हणजे 'गर्भाशयाची साफसफाई'? पुरे आता!

सुखदा_लिहिते: गर्भ राहिला नाही हे गर्भाशयाला कळतं, ते अंडाशयाला निरोप धाडतं, अंडं फुटल्यावर तिथे तयार झालेला पीतपिंड मरतो आणि महिन्याचं खराब रक्त निघून जातं. निसर्गाची साफसफाई!

तिरपागडा: निरोप कसला? पीतपिंड जन्मतःच साधारण १४ दिवसांची मुदत घेऊन येतो. गर्भ रुजला तर त्याच्याकडून एचसीजी हे संप्रेरक येतं आणि मुदत वाढते. नाही आलं तर पिंड आटतो, पुढे पांढरट वण तेवढा उरतो. खरी गंमत नंतर. गर्भाशयाचं अस्तर पीतपिंडातून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या जिवावर उभं असतं. पिंड आटून प्रोजेस्टेरॉन उतरलं की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं, नागमोडी धमन्या आखडतात, वरचा थर रक्तावाचून गुदमरतो आणि विकरं त्याची वीण उसवतात. १९४० साली मार्की यांनी माकडिणीच्या डोळ्यात अस्तराचा तुकडा रोवून हे आखडणं प्रत्यक्ष पाहिलं. खालचा थर शाबूत राहतो, त्यातूनच नवं अस्तर उगवतं. यात खराब रक्त कुठे आहे?

गोठ्यातला_डॉक्टर: सुखदाताई अगदीच चुकल्या नाहीत हो. गाईत गर्भाशयातलंच प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड जिरवतं. त्याचंच इंजेक्शन देऊन आम्ही गाय माजावर आणतो. गर्भाशय काढलं तर पिंड महिनोन् महिने टिकतो.

तिरपागडा: गाईला पाळी येते का, डॉक्टर? बाईचं गर्भाशय काढलं तरी पिंड ठरल्या वेळीच आटतो.

गोठ्यातला_डॉक्टर: बरं बाबा, गाय वेगळी. पण मग बाईत तो कशाने आटायला लागतो, ते सांगा की.

तिरपागडा: त्याचा पुरता उलगडा झालेला नाही. झालं समाधान?

३५_दिवसवाली: तुमचं चालू द्या. माझी पाळी ३५ दिवसांची. २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासलं, कमी आलं, आणि 'अंडं फुटतच नाही' म्हणून गोळ्या सुरू! वर्षभर रडत होते मी.

निशिगंधा: अगं, ३५ वजा १४ म्हणजे २१. तुझं अंडं त्याच सुमाराला फुटत असणार, पीतपिंड धड उभाही राहिला नसेल. तपासणी पाळीच्या अंदाजे ७ दिवस आधी करायची, म्हणजे तुझ्या हिशेबात २८व्या दिवशी. २१वा दिवस २८ दिवसांच्या चक्राला धरून आहे.

३५_दिवसवाली: हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

सुखदा_लिहिते: माझी ५० दिवसांनी येते. म्हणजे माझा पिंड ३६ दिवस जगतो? आता बोला, शहाणे!

निशिगंधा: नाही. लांबतो तो अंडं पिकण्याचा काळ. किंवा अंडं फुटतच नसेल, मग पीतपिंडही नाही. तेव्हा नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढलेलं अस्तर कधीतरी वेडंवाकडं सुटतं. दिसायला पाळीच, पण हे उतरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम नव्हे. एकदा दाखवून घे.

सुखदा_लिहिते: 'खराब रक्त' काढते पोस्टमधून. पण 'साफसफाई' राहणार, माझी पोस्ट आहे.

तिरपागडा: राहू द्या. पोटात कळ आली की त्याच प्रोस्टाग्लँडिनला रोखणारी गोळी घ्याल, तेव्हा तिला झाडू म्हणा.