उत्तर: परमँगनेटने लोहखनिजाची टक्केवारी

> 'हेमॅटाइट हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतो. गुलाबी रंग येतो नि उडतो, दर वेळी वेगळं रीडिंग. धुळ्याच्या प्रॅक्टिकलला काय करू?'

तो रंग क्लोराइड खातंय. लोहाचं ऑक्सिडीकरण चालू असताना परमँगनेट थोडं क्लोराइडवरही खर्च होतं, म्हणून टक्केवारी फुगते. स्टॅनस क्लोराइडने लोह क्षपित करून, मर्क्युरिक क्लोराइड घातल्यावर रेशमी पांढरा साका आला, की सुमारे २५ मिली झिमरमन-राइनहार्ट द्रावण घाला. त्यातलं मँगनीज सल्फेट क्लोराइडवरची क्रिया दाबतं, फॉस्फोरिक आम्ल फेरिकचा पिवळेपणा घालवतं. साका करडा झाला तर टिन जास्त पडलंय. तो नमुना टाकूनच द्या, मात्र पारा असल्यानं सिंकमध्ये नको.

मग भरपूर पाणी घालून अगदी सावकाश टायट्रेट करा. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा फ्लास्क आधी माठाच्या पाण्यात गार करा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा.

०.०२ मोलर परमँगनेटचा प्रत्येक मिली म्हणजे ५.५८५ मिग्रॅ लोह. ०.२५ ग्रॅम खनिजाला २६.९ मिली लागले, तर १५०.२ मिग्रॅ, म्हणजे ६०.१ टक्के. शुद्ध हेमॅटाइटमध्येही ६९.९ टक्केच लोह असतं. त्याच्या वर उत्तर गेलं तर आधी क्लोराइडवर संशय घ्या.