मामांना जामीनकीला नाही कसं म्हणू? रविवारच्या आत सांगा

मांजराकाठ: रविवारी मामा सही घ्यायला येऊ लालेत. नाही म्हणायचंय, पण उद्धट वाटायला नको. नेमकं कोणतं वाक्य बोलू ते सांगा. "नाही म्हणायला शिका" असलं ज्ञान नको, ते लई वाचलं.

शुभदा_नांदेड: जामीनकी कसल्या कर्जाची? बँकेच्या का अजून कशाच्या? सख्खे मामा का चुलत?

परभणीकर: सोप्पंय. बायकोवर ढकला. "ही ऐकत नाही हो मामा" म्हणायचं, विषय संपला. आमच्याकडं सगळे हेच करतात.

शुभदा_नांदेड: आणि मग त्या बायकोनं दिवाळीला कोणत्या तोंडानं जायचं? आमच्या ह्यांनी दिराला ट्रॅक्टरच्या हप्त्याला पैसे द्यायचे नव्हते म्हणून माझं नाव पुढं केलं. मला तर विचारलंही नव्हतं. सहा वर्षं झाली, जाऊबाई अजून "अर्थमंत्र्यांना विचारा" म्हणतात.

परभणीकर: ताई, तुमच्या ह्यांना नीट सांगता आलं नाही, यात युक्तीचा काय दोष?

भिशीवाला: माझंही असंच आहे. ऑफिसात आमचे मोठे साहेब भिशी चालवतात. महिना तीन हजार. मला निघायचंय. कसं सांगू?

मांजराकाठ: अहो माझा धागा आहे हा. सांगतो, पतसंस्थेचं कर्ज आहे. मामेभावाला छोटा हत्ती घ्यायचाय, पाच लाख. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, त्यांना पगारदार जामीनदार पाहिजे. मामा सख्खे. आता वाक्य सांगा.

जुना_वसुलीवाला: पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही काय बोललात? अर्थ नको, शब्द सांगा.

मांजराकाठ: फोनवर होतो. "बघतो मामा, पगारपत्रक काढावं लागंल" एवढंच म्हणलो.

जुना_वसुलीवाला: मग तुमचा होकार गेलेला आहे. मी बीड जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं पतसंस्थेत काढली, त्यातली निम्मी वसुलीला. अडकलेल्या जामीनदाराची कहाणी बहुतेक वेळा "बघतो"पासूनच सुरू व्हायची. आपल्याला वाटतं आपण टाळलं. ऐकणाऱ्याला वाटतं कागद तेवढे राहिलेत. त्यात तुम्ही स्वतःच पगारपत्रकाचं नाव काढलंत, म्हणजे मामांच्या हिशोबी अडचण फक्त शिक्षकांच्या पगाराच्या शालार्थ पोर्टलवरून एक कागद काढायची. त्यांनी पोराला शोरूममध्येही पाठवलं असेल.

म्हणून आता साधा नकार पुरायचा नाही. आधी ते "बघतो" परत घ्यावं लागेल, आणि तेही रविवारच्या आधी. रविवारी मामी, आई, मामेभाऊ सगळे बसलेले असणार. चारचौघांत नाही ऐकलं की मामांचा मान जातो, मग गोष्ट सहीची राहत नाही.

लातूरचा_भाचा: एवढं कशाला? सिबिल खराब आहे म्हणून सांगा. संस्थाच नाही म्हणंल.

जुना_वसुलीवाला: "मग संस्थेत जाऊन बघू की" म्हणतील मामा. संस्थेचा मॅनेजर ओळखीचा असतो, तो तपासतो, सगळं चांगलं निघतं. मग तुम्ही खोटे ठरता आणि सहीही करावी लागते. पगारपत्रकात कपातीही दिसतातच.

परभणीकर: सह्या करून काय होतं एवढं? पोरगं हप्ते भरंलच की. संस्था आधी त्याचा टेम्पोच ओढणार, जामीनदाराचा नंबर शेवटी.

जुना_वसुलीवाला: टेम्पो ओढतात हे खरं. शेवटी नंबर हे खोटं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, थेट त्याच्याकडे येता येतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला दोघांच्या नावावर निघतो. आणि टेम्पो शोधत हिंडण्यापेक्षा मास्तरांचा पगार सापडायला सोपा. मी स्वतः तेच करायचो, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

मांजराकाठ, यापूर्वी कुणाला जामीन राहिलात का? खरं सांगा, वाक्य त्यावर ठरेल.

मांजराकाठ: २०२२ ला शाळेतल्या एका गुरुजींना. मामांना माहीत नाही. अजून एक, अकरावी-बारावी मी लातूरला मामांकडंच राहून केली. म्हणून तर जीभ वळत नाही.

शुभदा_नांदेड: हे आधी सांगायचं ना! सगळा पेच इथंच आहे.

जुना_वसुलीवाला: बरं झालं विचारलं. मी तुम्हाला "मी कुणालाच सही देत नाही" म्हणायला सांगणार होतो. गुरुजींची गोष्ट फुटली असती तर "परक्याला दिली, मामाला नाही" हे जन्मभर राहिलं असतं.

शनिवारी एकटे जा. आईच्या हाती निरोप देऊ नका, आया निरोपात "तो बघतो म्हणतोय" घालतातच. चहा होऊ द्या. मग स्वतःच विषय काढा: "मामा, परवा फोनवर मी बघतो म्हणलो, ते चुकलं माझं. एका गुरुजींना मी आधीच जामीन आहे. दुसरी जामीनकी माझ्याच्यानं व्हायची नाही."

"तुमच्या शब्दाला मी कधी नाही म्हणलो नाही" ही सुरुवात करू नका. गोड वाटते, पण "मग आजच का?" हे उत्तर तुम्हीच त्यांच्या हातात देता. कारणही एकच. घरबांधणी, पोरीची फी असं एकेक जोडत गेलात की मामा एकेक सोडवत जातात.

ते दुसऱ्यांदा विचारतीलच. तेव्हा नवीन काही बोलू नका. "नाही हो मामा, सही नाही करणार." तो "हो" विसरू नका, नुसतं "नाही करणार" तोंडावर आपटल्यासारखं लागतं. आणि "नाही ना जमत" असा सूरही नको, त्यात विनवणी येते, मग माणूस जमवून द्यायला बसतो. त्यानंतर मामा गप्प होतील. ती शांतता फार जड असते. ती भरायला "पन्नास हजार देतो" म्हणालात की सौदा सुरू. काही द्यायचंच असेल तर आठ दिवसांनी द्या, आणि परत आले नाहीत तरी चालतील एवढेच.

लातूरचा_भाचा: "व्हायची नाही" काय, लातुरात "जमना मामा" म्हणतात.

परभणीकर: परभणीतबी "जमना"च म्हणतात. पण "जमना" म्हणलं की "जमव की" येतंच.

शुभदा_नांदेड: माझं मत वेगळं आहे. दोन वर्षं ज्यांच्या घरी जेवले त्यांना आधी उपकाराचं एक वाक्य बोलावं. नाहीतर मामी ते बोलून दाखवणार.

जुना_वसुलीवाला: ताई, उपकाराचं बोलावं, पण नकाराच्या वाक्यात नको. जोडलं की सही ही त्याची परतफेड वाटते.

शुभदा_नांदेड: तुम्ही वसुलीवाले. घरात असं तोलून मापून बोललेलं लगेच कळतं.

मांजराकाठ: जाऊन आलो. चहाच्या आधीच मामांनी विषय काढला, मग पाठ केलेलं निम्मं विसरलो. गुरुजींचं सांगितलं. "मला आधी सांगायचं होतंस" म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा "नाही हो मामा" म्हणलो. मग पाच मिनिटं दोघंही टीव्ही बघत बसलो. मामी आतून बाहेर आल्याच नाहीत. निघताना मामा म्हणाले, "तुझ्या त्या गुरुजीला विचार, तो होतो का जामीन." मी "विचारतो" म्हणलो.

जुना_वसुलीवाला: अहो!

मांजराकाठ: हेबी बघतोसारखंच झालं का?

जुना_वसुलीवाला: झालं. आज रात्रीच फोन करा, उद्यावर टाकू नका.

भिशीवाला: साहेबांना पण "नाही हो साहेब" चालंल का? आमचे साहेब पुण्याचे आहेत.