शब्दचर्चा: ‘छायामूल्य’ कुठवर चालतं?

मल्हारगंजकर: इंदूरच्या एका शेव-चिवड्याच्या कारखान्याचं रोजचं नियोजन एक्सेलच्या सॉल्व्हरवर मांडलंय. एका घाण्यामागे शेवेवर 400 रुपये सुटतात, चिवड्यावर 500. शेवेच्या घाण्याला कढईचे 2 तास आणि पॅकिंगचा 1 तास लागतो. चिवड्याचं नेमकं उलटं. सगळ्या कढया मिळून रोज 14 तास मिळतात, पॅकिंगचे 16. शेव 6 घाण्यांच्या वर खपत नाही. उत्तर आलं: शेव 4, चिवडा 6, नफा 4600. अहवालात कढईसमोर `Shadow Price` 100 आहे. मराठीत याला छायामूल्य म्हणतात हे ठाऊक आहे, पण अर्थ नेमका काय घ्यायचा?

छावणीवाला: कढईचा एक तास वाढला की नफा 100 रुपयांनी वाढतो, एवढंच. 6 तास वाढवा, 600 मिळतील. साधं त्रैराशिक आहे.

वीणा: दादा, पहिलं वाक्य बरोबर, पण त्रैराशिक मध्येच तुटतं. हे 100 येतात कुठून ते बघा. पॅकिंगचे 16 तास आधीच भरलेले आहेत, त्यामुळे कढईला 3 तास जास्त मिळाले की शेवेचे 2 घाणे वाढतात आणि त्यांना जागा करायला चिवड्याचा 1 घाणा सोडावा लागतो. 800 आले, 500 गेले. 3 तासांचे 300. म्हणजे छायामूल्य हा या अदलाबदलीचा दर आहे आणि अदलाबदल शक्य आहे तोवरच तो खरा.

आता 14 वरून वर चढा. 17 तासांना शेव 6 होते, चिवडा 5, नफा 4900. शेवेचा खप तिथे संपला, पॅकिंग तर भरलेलंच आहे. पुढचा प्रत्येक तास रिकामा, दर शून्य. तुमच्या 6 तासांचे 300च मिळतील.

खाली उतरलात तर दर 3 तासांना शेव 2 ने घटते, चिवडा 1 ने वाढतो. 8 तासांना शेव संपते, चिवडा 8, नफा 4000. त्याखाली कढईवर फक्त चिवडा उरतो, म्हणून कमी झालेला प्रत्येक तास 500 रुपये घेऊन जातो. 6 तासांवर 100च्या दराने हिशेब केला तर 3800 येईल. खरा नफा 3000 आहे.

म्हणजे कढईचे तास आणि नफा यांचा आलेख काढलात तर 8 पर्यंत चढ 500 चा, 17 पर्यंत 100 चा, मग सपाट. अहवालात शेजारी `Allowable Increase` 3 आणि `Allowable Decrease` 6 असतं, ती हीच हद्द. हे दोन आकडे सोडून छायामूल्य एकटं वाचूच नये.

सियागंजची सून: आमच्याकडे तर बेसनाचा भाव रोज हलतो. शेवेचे 400 कधी 350 होतात. तेव्हाही रेघ अशीच वाकेल ना?

वीणा: नाही ताई, तो प्रश्न वेगळा. इथे उजवी बाजू, म्हणजे हाताशी असलेले तास, बदलतोय. नफा जास्तीत जास्त करायचा असला की तास वाढतील तसा चढ कमीच होत जातो, कारण सगळ्यात फायद्याचा उपयोग आधी होतो. एका घाण्याचा नफा वाढवत नेलात तर आलेख तिथेही तुकड्यातुकड्यांनीच सरळ असतो, पण चढ वाढत जातो. तासांच्या आलेखात चढ मध्येच वाढलेला दिसला तर आकडा कुठेतरी चुकलाय असं धरा.

रामबागेतला: एक जोड. बरोबर 17 तास भरून सोडवलंत तर सॉल्व्हर 100 दाखवेल किंवा 0, आणि दोन्ही बरोबर. तास कमी करायचे असतील तर 100, वाढवायचे असतील तर 0. खूण अशी की हद्दीच्या दोन आकड्यांपैकी एक शून्य येतो. अशा वेळी 16 आणि 18 वेगवेगळे सोडवून फरक पाहावा.

मल्हारगंजकर: मग जादा तासाला मी 100 पर्यंत मोजायला हरकत नाही?

वीणा: 400 आणि 500 मधून कढईचा तासाचा खर्च, गॅस आणि कारागीर, आधीच वजा केलाय का? केला असेल तर 100 हे त्या खर्चाच्या वर मोजता येतील. केला नसेल तर सगळा मिळून 100 च्या आत बसायला हवा. ‘मूल्य’ शब्दामुळे लोक इथे फसतात, म्हणून मला ‘सीमांत लाभ’ बरा वाटतो.

छावणीवाला: पण ‘सीमांत लाभ’मध्येही हद्द कुठे दिसते? आणि 8, 17 या जागांना काय म्हणायचं, तुटबिंदू? रेघ तर तुटत नाही, नुसती वाकते.

रामबागेतला: मी ‘सांधा’ म्हणतो. दोन सरळ तुकडे जुळतात ती जागा.

वीणा: सांधा चालेल. फक्त घाणे पूर्णच घ्यायचे अशी अट घातलीत तर सांधे राहत नाहीत, पायऱ्या होतात. 15 तासांना शेव 4 पूर्णांक 2 तृतीयांश येते. पूर्ण घाण्यांत ते बसत नाही आणि नफा 4600 वरच थांबतो. तिथे छायामूल्य हा शब्द वापरावा की नाही, यावर माझंही मत अजून पक्कं नाही.